विमा कंपनीनेच हात वर केले : ट्रिब्युनलमधलं 'अटींचा भंग' असं लेखी म्हणणं कसं वाचायचं?

टेम्पोवाला_बारामतीकर (धागाकर्ता)

मंडळी, माझा एक छोटा हत्ती आहे, भाजीपाला आणि डाळिंब मार्केटला नेतो. मागच्या वर्षी जूनमध्ये माझ्या ड्रायव्हरकडून एका मोटारसायकलवाल्याला धडक बसली. पोरगा गवंडीकाम करणारा, चोविशीतला, पाय दोन ठिकाणी मोडला. त्यानं बारामतीला मोटार अपघात दाव्यांच्या ट्रिब्युनलमध्ये १४ लाखांचा दावा लावलाय. सामनेवाला क्र. १ मी, क्र. २ विमा कंपनी.

मला वाटलं होतं, विमा आहे, कंपनी बघून घेईल. एजंटही हेच म्हणतोय, "तुम्ही तारखेला नाही गेलात तरी चालतं." पण परवा कंपनीच्या लेखी म्हणण्याची कॉपी हातात आली आणि झोप उडाली. १७ परिच्छेद आहेत. त्यात म्हटलंय की चालकाकडे वैध व प्रभावी लायसन नव्हतं, वाहनाला परमिट नव्हतं, फिटनेस संपलेलं होतं, मालकाने अपघाताची खबर दिली नाही, आणि म्हणून "पॉलिसीच्या अटी व शर्तींचा मूलभूत भंग झाल्याने सामनेवाला क्र. २ यांच्यावर कोणतीही जबाबदारी येत नाही". वर हेही म्हटलंय की चूक मोटारसायकलवाल्याचीच होती!

हप्ता मी भरला आणि आता कंपनी माझ्याच विरोधात? पुढची तारीख तीन आठवड्यांवर आहे. जावं का, वकील द्यावा का?

---

पक्या_पेठकर

दादा, टेन्शन घेऊ नका. थर्ड पार्टीच्या दाव्यात कंपनीला पळताच येत नाही. लायसन नसो, परमिट नसो, कोर्ट 'पे अँड रिकव्हर' लावतं. म्हणजे कंपनी आधी पैसे देणारच. माझ्या मामाच्या ट्रकच्या केसमध्ये असंच झालं, जखमीला सगळी रक्कम मिळाली. तुमच्या एजंटचं बरोबर आहे.

---

अॅड_माणदेशी

पक्या, तुमचं अर्धं बरोबर आहे आणि उरलेलं अर्धं मालकाच्या मुळावर येणारं आहे. 'पे' झालं की 'रिकव्हर' कोणाकडून होतं? टेम्पोवाल्या दादांकडूनच.

समजा, ट्रिब्युनलनं ८ लाख मंजूर केले, अर्ज दाखल झाल्यापासून ७ टक्के व्याज लावलं आणि निकालाला तीन वर्षं लागली. म्हणजे ९ लाख ६८ हजार. कंपनी ते जखमीला देते आणि त्याच ट्रिब्युनलमध्ये मालकाविरुद्ध दरखास्त, म्हणजे वसुलीचा अर्ज, लावते. वेगळा दावा करायची गरज नाही, हे सुप्रीम कोर्टानं २००४ मध्येच सांगून ठेवलंय. मग टेम्पो जप्त होतो, जमिनीवर बोजा चढतो. तुमच्या मामांना दरखास्तीची नोटीस आली नसेल, तर एकदा विचारून घ्या.

टेम्पोवाले दादा, तारखेला जा. वकील द्या. हे जखमीच्या भीतीनं नाही, कंपनीच्या भीतीनं करा. तुम्ही गैरहजर राहिलात की तुमच्याविरुद्ध एकतर्फा आदेश होतो, आणि मग कंपनी कलम १७० खाली परवानगी मागून निष्काळजीपणा, रक्कम, सगळ्याच मुद्द्यांवर स्वतः लढते. त्यात तुमच्या बाजूचा एक कागदही रेकॉर्डवर नसतो. कंपनीचा वकील "मालकाला लायसन हजर करायची नोटीस दिली, त्याने केलं नाही" एवढं म्हणतो, आणि ट्रिब्युनल तुमच्या विरोधात अनुमान काढतं.

तीन गोष्टी सांगा. आरसीवर सकल वजन किती लिहिलंय? ड्रायव्हरच्या लायसनवर कोणता वर्ग आहे आणि तो कधीपर्यंत वैध आहे? फिटनेसच्या नेमक्या तारखा काय?

---

कोकणी_खेकडा

सगळ्या कंपन्या चोर. माझी कार झाडावर आपटली, बंपर, रेडिएटर, सगळं गेलं. लायसनची मुदत संपलीय म्हणून क्लेम नाकारला. मीही ट्रिब्युनलमध्ये जाऊ का?

---

अॅड_माणदेशी

खेकडा भाऊ, तुमचं प्रकरण वेगळं. तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान म्हणजे तुमच्या आणि कंपनीमधला करार, त्याला ग्राहक आयोग. इथे तिसरा माणूस जखमी आहे, आणि त्याच्यासाठी कायद्यानं कंपनीचे हात बांधलेत. तुमच्या क्लेममध्ये कंपनी जेवढ्या सहज नाही म्हणू शकते, तेवढं तिला इथे म्हणता येत नाही. वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

---

निवृत्त_थर्डपार्टी

मी एका सरकारी विमा कंपनीच्या थर्ड पार्टी विभागात बरीच वर्षं काढली. असली लेखी म्हणणी माझ्या टेबलावरून शेकड्यांनी गेली, म्हणून आतली गोष्ट सांगतो.

नोटीस आली की फाईल पॅनेलवरच्या वकिलाकडे जाते. इन्व्हेस्टिगेटर नेमलेला असतो, पण त्याचा रिपोर्ट बऱ्याचदा त्यानंतर येतो. वकिलाकडे एक जुना मसुदा असतो, त्यात जगातले सगळे बचाव असतात. ते सगळे घालावेच लागतात, कारण जो मुद्दा लेखी म्हणण्यात नाही त्यावर नंतर पुरावा देता येत नाही. त्यामुळे १७ परिच्छेद बघून घाबरू नका. हातात पेन्सिल घ्या आणि ज्या परिच्छेदात नंबर, तारीख किंवा कार्यालयाचं नाव आहे तिथे खूण करा. बाकीचे मसुद्यातले.

"चालकाकडे वैध व प्रभावी लायसन नव्हते" एवढंच असेल, तर ते कॉपी-पेस्ट. "चालकाच्या अमुक क्रमांकाच्या लायसनवर वाहतूक वाहनाचा वर्ग नोंदलेला नाही" असं असेल, तर समजा आरटीओचा उतारा काढून झालाय. तुमच्याकडे काय लिहिलंय?

जाता जाता, त्यांनी कलम १४९ लिहिलंय की १५०? १ एप्रिल २०२२ पासून तो विषय कलम १५० मध्ये गेला. अजूनही कित्येक जबाबांत १४९च असतं. त्यानं तुमचा फायदा काही होत नाही, पण मसुदा कोणत्या जमान्यातला आहे ते कळतं.

---

टेम्पोवाला_बारामतीकर

ताई, साहेब, आभार. पेन्सिल घेऊन बसलो. १४९च लिहिलंय!

आरसीवर सकल वजन १५५० किलो. ड्रायव्हरकडे साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाचं, लायसन आहे, २०३१ पर्यंत वैध. वाहतूक वाहनाचा शिक्का नाही, बॅज नाही. जबाबात लायसनचा नंबर दिलाय आणि "मालवाहू वाहन चालवण्यास पात्र नव्हता" असं म्हटलंय.

परमिटच्या परिच्छेदात नंबर वगैरे काही नाही. फिटनेसच्या परिच्छेदात मात्र तारीख आहे. फिटनेस १२ मे रोजी संपलं, अपघात ४ जूनला, पासिंग करून नवीन मिळालं २० जूनला. हे खरं आहे. फी भरल्याची पावती २ जूनची आहे, अपघाताच्या दोन दिवस आधीची. तपासणीची तारीखच पुढची मिळाली होती.

---

अॅड_माणदेशी

आता चित्र स्पष्ट झालं. एकेक घेऊ.

लायसनचा मुद्दा त्यांनी नंबर टाकून घेतलाय, पण तोच सगळ्यात पोकळ आहे. ७५०० किलोपर्यंत सकल वजनाचं वाहतूक वाहन चालवायला एलएमव्ही लायसन पुरतं, वेगळा शिक्का लागत नाही, असं मुकुंद देवांगन प्रकरणात २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं. कंपन्यांना ते पटेना, म्हणून प्रश्न घटनापीठापुढे गेला. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी रंभादेवी प्रकरणात पाच न्यायमूर्तींनी तेच कायम केलं. तुमची गाडी १५५० किलोची. आरसी आणि लायसनची प्रत दोन्ही बाजूंनी दाखल करा, हा मुद्दा तिथेच संपतो.

परमिटचा मुद्दा मसुद्यातला. सकल वजन ३००० किलोच्या आत असलेल्या मालवाहू वाहनाला परमिट लागतच नाही, कलम ६६(३) मध्ये तशी सूट आहे. परमिट लागतं अशा गाडीला ते नसेल, तर मात्र सुप्रीम कोर्ट तो मूलभूत भंग मानतं, २०१८ चा अमृतपाल सिंग निकाल आहे. म्हणून तुमच्या लेखी म्हणण्यात वजन आकड्यात लिहा आणि सूट मागा. नुसतं "मजकूर खोटा आहे" लिहून चालणार नाही.

खबर न दिल्याचा मुद्दा जखमीच्या विरोधात वापरता येत नाही. तरी एजंटला फोन, व्हॉट्सअॅप काही केलं असेल तर प्रिंट काढून ठेवा.

राहिला फिटनेस. खरी लढाई तिथे आहे.

---

पक्या_पेठकर

पण ताई, स्वरणसिंग केसमध्ये म्हटलंय ना, भंग कंपनीनं सिद्ध करायचा? मग मालकानं घरी बसून राहिलं तरी ओझं कंपनीवरच आहे की.

---

निवृत्त_थर्डपार्टी

ओझं कंपनीवर आहे, बरोबर. २००४ च्या त्या निकालात तीन गोष्टी आहेत : भंग झाला हे कंपनीनं पुराव्यानिशी दाखवायचं, तो मालकाच्या जाणतेपणी किंवा बेफिकिरीनं झाला हे दाखवायचं, आणि तो अपघाताला कारणीभूत होण्याइतका मूलभूत होता हेही दाखवायचं. लेखी म्हणणं म्हणजे पुरावा नव्हे.

पण कंपनी हे ओझं कसं पेलते ते ऐका. आरटीओच्या क्लार्कला साक्षीसमन्स काढते, तो रजिस्टरचा उतारा घेऊन येतो आणि दहा मिनिटांत सांगून जातो, "१३ मे ते १९ जून या काळात या वाहनाला फिटनेस नव्हतं." भंग सिद्ध. आता मालकाची बेफिकिरी होती की नव्हती, हे तुमच्याशिवाय कोण सांगणार? आमच्याकडे निम्म्याहून जास्त प्रकरणांत मालक फिरकायचेच नाहीत. क्लार्कची साक्ष उलटतपासाशिवाय तशीच राहायची आणि वसुलीचा हक्क आमच्या झोळीत पडायचा. आम्ही त्या फाईलींना "सोप्या" म्हणायचो.

---

शेवंता_७८

मी मध्येच विचारते, माफ करा. माझा भाऊ दोन वर्षांपूर्वी टेम्पोच्या हौद्यात बसून येत असताना टेम्पो उलटला आणि तो वारला. कंपनी म्हणते, मालवाहू गाडीत फुकट बसलेला प्रवासी होता, जबाबदारी नाही. इथेही ते सिद्ध करावंच लागेल ना त्यांना? वहिनी आणि दोन लहान मुलं आहेत.

---

अॅड_माणदेशी

शेवंताताई, तुमच्या प्रकरणात कंपनीचा पाय जास्त भक्कम आहे, हे लपवत नाही. मालवाहू गाडीत फुकट बसलेल्याला विम्याचं संरक्षण नाही, हे २००३ च्या आशाराणी निकालापासून पक्कं आहे. इथे अटीचा भंग हा प्रश्नच नाही, ती जोखीम पॉलिसीत घेतलेलीच नसते.

पण एक प्रश्न : भाऊ कशासाठी चालला होता? गाडीत त्याचा स्वतःचा माल होता का? मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी मालासोबत जात असेल, तर तो फुकट्या प्रवासी नाही, कलम १४७ मध्ये तो येतो.

---

शेवंता_७८

कांदा विकून परत येत होता. पिशव्या आमच्याच होत्या. पण येताना गाडी रिकामी होती.

---

अॅड_माणदेशी

आडत्याची पट्टी शोधा. तिच्यावर तारीख, भावाचं नाव, पिशव्यांची संख्या आणि बऱ्याचदा गाडीचं भाडं कापल्याची नोंद असते. जातानाचं भाडं कापलंय म्हणजे गाडी त्यानं मालासाठी केली होती, हे तरी दाखवता येईल. परतीच्या रिकाम्या गाडीबद्दल निकाल दोन्हीकडचे आहेत, त्यामुळे खात्री देत नाही. शिवाय हौद्यात बसणं हा वेगळा वादाचा मुद्दा होईल. तरीही २०१७ च्या मनुआरा खातून प्रकरणात सुप्रीम कोर्टानं फुकट प्रवाशांच्या वारसांनाही कंपनीनं आधी पैसे द्यावेत आणि मालकाकडून वसूल करावेत असा आदेश दिला होता. तुमच्या वकिलांना तो नक्की दाखवा, आणि अर्जाच्या विनंतीत तशी पर्यायी मागणी आहे का तेही बघा.

---

टेम्पोवाला_बारामतीकर

फिटनेसचं काय करू ते सांगा. तिथे तर मी उघडा पडलोय.

---

निवृत्त_थर्डपार्टी

माझ्या मते तिथे कंपनी जिंकते. फिटनेस नसलेलं वाहतूक वाहन कायद्यानं वैध नोंदणी असलेलं धरलंच जात नाही, कलम ५६ तसं म्हणतं. केरळ हायकोर्टाच्या पूर्णपीठानं २०१८ मध्ये पारीद पिल्लई प्रकरणात हा मूलभूत भंग मानलाय. आम्ही तो निकाल प्रत्येक फाईलीला जोडायचो. दादांनी मनाची तयारी ठेवावी.

---

अॅड_माणदेशी

साहेब, पूर्ण सहमत नाही. कलम १५० मध्ये कंपनीला कोणते बचाव घेता येतात त्याची यादी आहे : लायसन, अपात्र ठरवलेला चालक, दारू, परमिटनं मुभा न दिलेला वापर, हप्ता न मिळणं वगैरे. फिटनेस त्या यादीत नावानं नाही. कंपन्या नोंदणीच्या वाटेनं तो आत आणतात आणि त्यासाठी २०१४ चा नरिंदर सिंग निकाल दाखवतात, पण ते प्रकरण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचं होतं, वर खेकडा भाऊंचं आहे तसं. तिसऱ्या माणसाच्या दाव्याला ते जसंच्या तसं लावता येत नाही, असा युक्तिवाद आहे. केरळचा निकाल आपल्या ट्रिब्युनलवर बंधनकारक नाही, फक्त वाचून दाखवण्यापुरता. काही हायकोर्टांनी उलट मतही घेतलंय. म्हणजे दार बंद नाही, पण सताड उघडंही नाही.

दादा, तुमच्या हातात एक कागद आहे, त्याची तुम्हाला कल्पना नसेल. अपघातानंतर पोलिसांनी गाडी लावून ठेवली होती ना? मोटार वाहन निरीक्षक येऊन बघून गेला असेल. त्याचा तपासणी अहवाल चार्जशीटला जोडलेला असतो. एका पानाचा फॉर्म, त्यात पायाचा ब्रेक, हाताचा ब्रेक, स्टिअरिंग, टायर, दिवे असे रकाने आणि शेवटी "अपघात यांत्रिक दोषामुळे झाला किंवा कसे" याला उत्तर. तो काढा.

---

टेम्पोवाला_बारामतीकर

काढला! पोलिसांच्या कागदांत होता. "फूट ब्रेक कार्यरत, हँड ब्रेक कार्यरत, उजवा हेडलाईट फुटलेला, समोरील बंपर दबलेला. यांत्रिक दोष आढळून आला नाही." खाली सही, शिक्का, तारीख ७ जून.

---

अॅड_माणदेशी

हाच तुमचा मुख्य पुरावा. भंग झाला असेल, पण त्याचा अपघाताशी संबंध नाही, हे सरकारी निरीक्षकच सांगतोय. शिवाय १६ दिवसांनी तीच गाडी पासिंगमध्ये पास झाली. फक्त तेवढ्यात हेडलाईट, बंपरखेरीज काही दुरुस्ती केली असेल तर तसं खरं सांगा, गॅरेजचं बिल ते शोधून काढतीलच. २ जूनची पावती बेफिकिरी नव्हती हे दाखवायला उपयोगी आहे, पण तिच्यावर सगळा भार टाकू नका. मुदत १२ मेला संपली, तुम्ही २ जूनला फी भरली. मधल्या तीन आठवड्यांत गाडी रस्त्यावर का होती, हा प्रश्न उलटतपासात येणारच.

आता काम : वकिलामार्फत वेगळं लेखी म्हणणं द्या. त्यात ड्रायव्हर ठेवताना लायसन बघितलं, गाडी चालवायला लावून पारखलं, हे लिहा. पुराव्याचं शपथपत्र तुम्ही स्वतः द्या आणि उलटतपासाला उभे राहा. निरीक्षकाच्या अहवालाची प्रमाणित प्रत दाखल करा, आणि कंपनीनं आरटीओ क्लार्क बोलावला तर त्याच्या उलटतपासात एवढंच विचारायला सांगा की पासिंगच्या वेळी गाडीत कोणता दोष नोंदला होता.

---

पक्या_पेठकर

मामाला विचारलं. दरखास्तीची नोटीस आली होती म्हणे. घरात कोणाला सांगितलं नव्हतं. आता कागद घेऊन बसलोय, वेगळा धागा काढतो.

---

टेम्पोवाला_बारामतीकर

वकील केला. त्यांनीही निरीक्षकाच्या अहवालावर बोट ठेवलं. एजंटचा फोन येतोय, "लोकअदालतीत मिटवून टाकू, तुम्ही फक्त सही करा." हे चांगलं ना? एकदाचं सुटेन.

---

निवृत्त_थर्डपार्टी

फिटनेसबद्दल ताई म्हणतात तेही ऐका, मी म्हणतो तेही लक्षात असू द्या, निकाल न्यायाधीशांच्या हातात. पण सहीच्या बाबतीत आमच्यात दुमत होणार नाही.

लोकअदालतीत कंपनी आणि जखमी यांच्यात आकडा ठरतो, समजा साडेपाच लाख. तडजोडीच्या पुरशिसवर, म्हणजे कोर्टात द्यायच्या लेखी निवेदनावर, दोघांच्या सह्या होतात आणि खाली मालकाचीही घेतात. तिच्यात शेवटी एखादी ओळ असते : "सामनेवाला क्र. २ यांचा सामनेवाला क्र. १ यांच्याकडून वसुलीचा हक्क अबाधित राहील." आम्ही ती ओळ घालायचोच. तुम्ही त्यावर सही केलीत, तर फिटनेसचा सगळा वाद न लढता हरलात, आणि लोकअदालतीच्या निवाड्यावर अपीलही नाही. ती ओळ काढा, किंवा "क्र. १ यांच्याविरुद्ध कोणतीही वसुली करणार नाही" असं स्पष्ट लिहून घ्या, आणि तुमच्या वकिलानं वाचल्याशिवाय पेन उघडू नका. जखमीशी तडजोड करायला कंपनीला तुमच्या सहीची फारशी गरज नसते. तरीही ती मागतायत, तर का मागतायत ते आधी विचारा.